कागद नाही म्हणून घर सोडू नका, आणि घाईत कागदही करू नका

वाचकाचं पत्र

"आम्ही पुण्यात एका जुन्या वाड्यात पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत सहा वर्षं भाड्यानं राहतो. नवरा टेम्पो चालवतो, मी घरी शिवणकाम करते. घरमालक काकांना महिन्याला ७,५०० रुपये भाडं द्यायचो, आधी रोख, गेली तीन वर्षं फोनवरून. डिपॉझिट २५,००० दिलंय. लेखी काहीच नाही. काका म्हणायचे, विश्वासावर चालू दे. नोव्हेंबरात काका वारले. त्यांचा मुलगा बाहेरगावी असतो. डिसेंबर आणि जानेवारीचं भाडं त्यानं घेतलंच नाही. परवा मेसेज आला: 'तुम्ही बाबांचे भाडेकरू होतात, माझे नाही. आठ दिवसांत खोल्या रिकाम्या करा, नाहीतर लाइट तोडीन आणि माझं कुलूप लावीन. वाडा बिल्डरला द्यायचाय.' मग फोनवर म्हणाला, राहायचंच असेल तर पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर अकरा महिन्यांच्या करारावर सही करा. पोलिसांना घेऊन येतो असंही म्हणतोय. मुलगी दहावीला आहे. सासूबाई म्हणतात वाद नको, काही महिने गावी जाऊन राहू. आम्ही काय करावं?"

उत्तर

ताई, सगळ्यात आधी एक गोष्ट: त्या अकरा महिन्यांच्या करारावर सही करू नका. तुम्हाला तो सुटकेचा मार्ग वाटत असेल, पण तुमच्या हातात आज जे आहे ते तुम्ही त्या एका सहीनं घालवून बसाल. दुसरी गोष्ट: आठ दिवसांत खोल्या सोडायची गरज नाही. कोर्टाचा हुकूम झाल्याशिवाय तुम्हाला त्या घरातून कुणीही बाहेर काढू शकत नाही, मुलगाही नाही, बिल्डरही नाही आणि पोलिसही नाहीत.

मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि एका वकील मॅडमच्या ऑफिसात इंटर्नशिप करते. हे उत्तर त्यांनी तपासलं आहे. कोर्टात उभं राहायचं काम सनद असलेल्या वकिलाचंच, आणि तुम्हाला तो वकील फुकट कसा मिळेल तेही पुढे लिहिते.

तुमची सगळ्यात मोठी भीती दिसते ती लेखी काही नसल्याची. ती बहुतेक भाडेकरूंना असते आणि घरमालक तिचाच फायदा घेतात. महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे. त्याचं कलम ५५ सांगतं की भाड्याचा करार लेखी करून नोंदवायलाच हवा, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती त्यानं पार पाडली नाही, तर जागा कोणत्या अटींवर दिली होती याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोपर्यंत मालक त्याच्या उलट सिद्ध करत नाही. म्हणजे कागद नसल्याचा बोजा त्याच्या डोक्यावर आहे, तुमच्या नाही. करार न नोंदवल्याबद्दल मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड अशी शिक्षाही त्याच कलमात आहे. ती तक्रार करायला मी आत्ता सांगणार नाही, काका तर गेले. पण मुलगा 'तुमच्याकडे कागद कुठंय' असं दरडावेल तेव्हा हे कलम मनात असू द्या.

हा कायदा फक्त जुन्या पागडीवाल्यांसाठी आहे असं तुम्हाला शेजारीपाजारी सांगतील. तसं नाही. पागडी दिली की डिपॉझिट, वीस वर्षं झाली की सहा, यानं फरक पडत नाही. पुणे शहर या कायद्याखाली येतं आणि राहण्यासाठी भाड्यानं दिलेली जागा त्यात बसते.

आता तो मेसेज पुन्हा एकदा वाचा. 'तुम्ही बाबांचे भाडेकरू होतात.' तुम्ही भाडेकरू आहात हे त्यानं स्वतःच्या फोनवरून लिहून दिलं आहे. राहिला प्रश्न 'माझे नाही' याचा. घरमालक वारला म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. वारस त्याच्या जागी येतो आणि जागा भाडेकरूसकट त्याच्याकडे येते. वाडा उद्या बिल्डरनं विकत घेतला तरी हेच. बापाचा वाडा घ्यायचा आणि बापानं ठेवलेला भाडेकरू नाकारायचा, असं कायद्यात चालत नाही. तेव्हा तो मेसेज कितीही संताप आला तरी पुसू नका. स्क्रीनशॉट काढून घ्या, पण मूळ मेसेज त्याच फोनमध्ये राहू द्या. कोर्टात असा मेसेज दाखल करताना फोन कुणाचा, मेसेज कसा काढला याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं (साक्ष अधिनियमाचं नवं कलम ६३), आणि मूळ मेसेज जागेवर असला की ते काम सोपं जातं. पुढे ज्या दिवशी फोन बदलाल त्या दिवशीही जुना सांभाळून ठेवा.

आता करार. अकरा महिन्यांचा जो कागद तो तुमच्यापुढे ठेवतोय, तो बहुधा 'लिव्ह अँड लायसन्स'चा असणार. दिसायला तोही भाड्याचाच करार दिसतो, रक्कम तीच, खोल्याही त्याच. पण कायद्याच्या नजरेत भाडेकरू आणि लायसन्सवर राहणारा यांच्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. भाडेकरूला काढायला मालकाला कायद्यात सांगितलेलं कारण कोर्टात सिद्ध करावं लागतं. लायसन्सवाल्याची मुदत संपली की मालक कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो, आणि तिथलं कामकाज झटपट चालतं. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत 'मला बाजू मांडायची परवानगी द्या' असा प्रतिज्ञापत्रासह अर्ज केला नाही, तर बाजू मांडायची संधीही जाते. मुदतीनंतर तिथं राहिलं तर दुप्पट दरानं भरपाई मागितली जाते. त्याहून वाईट म्हणजे, लेखी लायसन्स करारात जे लिहिलंय ते निर्णायक पुरावा मानायचं असं त्या कलमात म्हटलं आहे. म्हणजे उद्या तुम्ही कितीही सांगितलंत की आम्ही सहा वर्षांपासूनचे भाडेकरू आहोत आणि सही घाबरून केली, तरी तुमच्याच सहीचा कागद तुमच्या विरोधात उभा राहील. आमच्या ऑफिसात अशी माणसं येतात, आणि तेव्हा फार थोडं करता येतं. म्हणून कोरा स्टॅम्प, मागची तारीख घातलेला करार, 'जागा सोडत आहे' अशी चिठ्ठी, डिपॉझिट परत मिळाल्याची पावती, यांतल्या कशावरही वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. घरातल्या इतरांनाही सांगून ठेवा. तुम्ही बाहेर असताना नवऱ्याची किंवा सासूबाईंची सही घेतली तरी त्रास व्हायचा तो होतोच.

दुसरं नाजूक ठिकाण म्हणजे भाडं. मालक भाडं घेत नाही तेव्हा बऱ्याच जणांना वाटतं, बरं झालं, पैसे वाचले. पण अनेकदा तो ते मुद्दामच घेत नसतो, पुढे थकबाकीदार ठरवता यावं म्हणून. कलम १५ तुमचं रक्षण करतं ते एका अटीवर: भाडेकरू भाडं देतो आहे, किंवा द्यायला तयार आणि राजी आहे. तुम्ही राजी आहात हे कागदावर यायला हवं. डिसेंबर आणि जानेवारी मिळून १५,००० होतात. आजच मुलाला मेसेज करा आणि तोच मजकूर पत्रात लिहून स्पीड पोस्टानं पोचपावतीसह पाठवा. मजकूर साधारण असा:

"आपले वडील हयात असल्यापासून आम्ही सदर दोन खोल्यांत दरमहा ७,५०० रुपये भाड्याने भाडेकरू म्हणून राहत आहोत. डिसेंबर व जानेवारीचे भाडे आपण स्वीकारले नाही. ते देण्यास आम्ही पूर्वीपासून तयार आहोत व आजही आहोत. भाडे जमा करण्यासाठी आपला खाते क्रमांक कळवावा. अन्य वारस असल्यास त्यांची नावे कळवावीत. कोर्टाच्या आदेशाशिवाय आमचा ताबा, वीज किंवा पाणी यांत अडथळा आणू नये."

एवढंच. भांडण नको, काकांच्या आठवणी नकोत, 'आम्ही लवकरच दुसरीकडे बघतो' असं सौजन्याचं वाक्य तर मुळीच नको. तेच वाक्य पुढे तुमची कबुली म्हणून वाचलं जातं. उत्तर आलं नाही तर दर महिन्याला मनीऑर्डर करा किंवा त्याच्या नावाचा चेक स्पीड पोस्टानं पाठवा. पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा पडून परत आलं तर ते न फोडता तसंच जपून ठेवा. पोस्टाचा शेरा असलेलं बंद पाकीट कोर्टात चांगलं बोलतं. काकांच्या खात्यावर आता पैसे टाकू नका. आणि 'डिपॉझिटमधून वळते करून घ्या' असं लिहू नका. डिपॉझिट वेगळं, महिन्याचं भाडं वेगळं. पैसे त्यानं घेतलेच तर पावती मागा, ती देणं त्याच्यावर बंधनकारक आहे.

थकबाकीच्या नावाखाली तो कोर्टात गेलाच तर काय होतं, तेही पाहू. आधी त्याला थकबाकी मागणारी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून ९० दिवस थांबावं लागतं. समजा नोटीस तुम्हाला १० फेब्रुवारीला मिळाली, तर ११ मेपर्यंत त्या कारणावर दावाच लावता येत नाही, आणि मधल्या काळात तुम्ही सगळी बाकी चुकती केलीत तर त्या कारणात दम उरत नाही. त्यातूनही दावा झाला, तर समन्स मिळाल्यापासून आणखी ९० दिवसांची संधी असते: सगळी बाकी, तिच्यावर वर्षाला १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरायचा आणि निकालापर्यंत भाडं नियमित भरत राहायचं. ७,५०० वर वर्षाचं व्याज १,१२५ रुपये होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. घात होतो तो समन्स घेऊन कपाटात ठेवणाऱ्यांचा. व्हॉट्सॲपवरचा आठ दिवसांचा मेसेज म्हणजे यांपैकी काहीच नव्हे. ती नुसती धमकी आहे.

बिल्डरचं म्हणाल तर मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. भाडेकरूचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. मालकाला स्वतःसाठी खरोखर आणि रास्त गरज असेल, किंवा वाडा पाडून नवी इमारत बांधायची असेल, तर कलम १६ खाली तो ताबा मागू शकतो. स्वतःच्या गरजेचं कारण असेल तेव्हा कोर्ट दोघांच्या अडचणी तराजूत घालतं: जागा न मिळाल्यानं त्याची जास्त अडचण होते की जागा गेल्यानं तुमची. तो बाहेरगावी राहतो हे तिथं तुमच्या बाजूनं बोलेल. पाडून बांधण्याचं कारण असेल तेव्हा नकाशे मंजूर आहेत का, बांधकामाला पैसा आहे का, हे कोर्ट बघतं आणि नव्या इमारतीत भाडेकरूला जागा मिळण्याची तजवीज कायद्यात आहे. 'बिल्डरला द्यायचाय' एवढं तोंडी वाक्य त्यात कुठंच बसत नाही. उद्या बोलणी झालीच तर ती नव्या जागेची, मधल्या काळातल्या भाड्याची, लेखी आणि नोंदवलेल्या कराराची व्हायला हवीत, आणि खोल्या सोडण्याआधी.

लाइट तोडली तर? कलम २९ खाली घरमालकाला भाडेकरूचं पाणी, वीज, जिन्यातला दिवा, सफाई यांसारख्या सोयी सबळ कारणाशिवाय बंद करता येत नाहीत. तसं केलं तर पुण्याच्या लघुवाद न्यायालयात, ज्याला सगळे स्मॉल कॉज कोर्ट म्हणतात, अर्ज करता येतो, आणि निकड दिसली तर कोर्ट समोरच्याला ऐकण्याआधीही तात्पुरता हुकूम देऊ शकतं. मुलीची दहावीची परीक्षा ही निकडच आहे, अर्जात ती स्पष्ट लिहा. मात्र वीजबिल तुमच्याकडून थकलेलं नसावं. मीटर काकांच्या नावावर असला तरी बिल तुम्हीच भरत असाल तर भरत राहा आणि पावत्या ठेवा.

कुलूप लावण्याची धमकी मात्र वाट बघत बसण्यासारखी नाही. जवळच्या पोलिस चौकीत लेखी अर्ज द्या, मेसेजची प्रिंट जोडा आणि तुमच्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. चौकीत तुम्हाला 'ही दिवाणी बाब आहे' असं सांगतील. ते खरंच आहे, आणि म्हणूनच पोलिस मालकाच्या सांगण्यावरून तुमचं सामान बाहेर काढू शकत नाहीत. पण धमकावणं आणि बळजबरीनं घरात घुसणं हे गुन्हे आहेत. तो माणसं घेऊन आलाच तर दार उघडून वाद घालू नका, ११२ वर फोन करा आणि घरातल्या एकानं व्हिडिओ काढावा. त्याच वेळी वकिलाकरवी स्मॉल कॉज कोर्टात ताब्याला अडथळा करू नये म्हणून मनाई हुकमाचा दावा लावता येतो. तो आधीच कोर्टात जाईल अशी शंका असेल तर कॅव्हेट दाखल करून ठेवायचं. मग तुम्हाला न कळवता त्याला एकतर्फी हुकूम मिळणं अवघड होतं. कॅव्हेट ९० दिवस चालतं, त्यानंतर पुन्हा भरावं लागतं.

आणि समजा, तुम्ही सगळे बाहेर असताना कुलूप बदललंच, तरी खेळ संपत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये कृष्णा राम महाले यांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की ज्याचा ताबा स्थिरावलेला आहे त्याला, अगदी राहायचा हक्क नसला असं धरलं तरी, मालकानं कायद्याच्या मार्गानंच काढायला हवं. विशिष्ट अनुतोष अधिनियमाचं कलम ६ सांगतं की अशा माणसानं सहा महिन्यांच्या आत दावा लावला तर मालकी कुणाची या वादात न शिरता ताबा परत मिळतो. सहा महिन्यांची मुदत पक्की असते, ती वाढत नाही. तेव्हा त्याच दिवशी पोलिसांत अर्ज आणि त्याच आठवड्यात वकील.

यावरून सासूबाईंच्या सूचनेचं उत्तर तुम्हाला मिळालंच असेल. त्यांचा हेतू चांगला आहे, पण आत्ता गावी जायचं नाही. रिकाम्या खोल्यांना दुसरं कुलूप लागायला एक दुपार पुरते. शिवाय योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही, तर तेही कलम १६ खाली काढून टाकायचं कारण ठरतं. सणावाराला जा, पण घरात कुणीतरी राहू द्या. नात्यातल्या कुणाला खोली देऊन त्याच्याकडून पैसे घेऊ नका, तो पोटभाडेकरू ठरवला जाईल. गॅलरी बंद करणं, भिंत पाडणं, पक्कं बांधकाम हे तर या दिवसांत अजिबात नको.

आता कागद गोळा करा. तीन वर्षांचं बँकेचं स्टेटमेंट काढा आणि काकांना गेलेल्या दर ७,५०० च्या नोंदीवर पेन्सिलनं खूण करा. महिन्यामागून महिना तीच रक्कम त्याच माणसाला गेलेली दिसली की भाड्याचं नातं आपोआप दिसतं. आधीच्या रोखीच्या काळासाठी गॅसचं पुस्तक, रेशनकार्ड, आधार, मुलीच्या शाळेतला पत्त्याचा दाखला, मतदार यादीतलं नाव असं जे या पत्त्यावरचं असेल ते. काकांचे जुने मेसेज असतील, 'भाडं मिळालं' असा एक शब्दही असेल, तर तो सोन्याचा. वाड्यातले दोन शेजारी प्रतिज्ञापत्र द्यायला तयार असतील तर त्यांची नावं लिहून ठेवा.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर ती सोडा. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली कुठल्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. म्हणून अर्ज नवऱ्याच्या नावानं न करता तुमच्या नावानं करा. शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. १५१०० या क्रमांकावरही चौकशी करता येते. जाताना वरचे सगळे कागद, मेसेजची प्रिंट, स्पीड पोस्टाची पावती आणि त्यानं सहीसाठी दिलेला करार हाती असेल तर तोही, सही न केलेला, बरोबर घ्या. आठ दिवसांची मुदत संपायच्या आधी जा, म्हणजे कॅव्हेट आणि पोलिसांतला अर्ज दोन्ही वेळेत होतील.